सर्वांत बारीक बाणाची गोष्ट

शाळेच्या भिंतीवरचा कार्बन चक्राचा तक्ता बहुतेकांनी पाहिलेला असतो. वर ढग, डावीकडे झाड, उजवीकडे समुद्र, कोपऱ्यात धुराडं आणि सगळ्यांना जोडणारे गोल गोल बाण. बाण सारख्याच जाडीचे असतात आणि त्यांच्यावर एकही आकडा नसतो. त्यामुळे कार्बन इकडून तिकडे फिरतो, एवढं मुलांना समजतं. किती फिरतो आणि हिशेब कुठे बिघडला, हे मात्र त्या तक्त्यातून कळायला वाव नसतो.

आकडे घातले की हाच तक्ता जमाखर्चाची वही होतो. त्यासाठी दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. चौकट म्हणजे साठा. तिथे आज किती कार्बन आहे हे चौकटीत लिहायचं, अब्ज टनांत. बाण म्हणजे वर्षभरातली ये-जा, म्हणून तिथलं एकक ‘दर वर्षी अब्ज टन’. वर्गात निम्मे घोटाळे इथेच होतात. उरलेल्यांपैकी बरेचसे कार्बन आणि कार्बन डायऑक्साइड यांची वजनं एकत्र लिहिल्यामुळे होतात. कार्बनच्या अणूचं वजन 12, तर कार्बन डायऑक्साइडच्या रेणूचं 44. म्हणजे एक टन कार्बन जळाला की 3.67 टन वायू तयार होतो. बातम्यांमधले आकडे बहुधा वायूचे असतात, चक्राच्या तक्त्यातले कार्बनचे. एक आकडा इथून आणि दुसरा तिथून उचलला, तर हिशेब जवळजवळ चौपटीने चुकतो.

आता चौकटी. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, 2021 मधल्या अहवालानुसार हवेत सुमारे 870 अब्ज टन कार्बन आहे. जगातल्या वनस्पतींत 450 आणि मातीत 1,700. समुद्राच्या मधल्या व खोल पाण्यात तर तब्बल 37,000. कागदावर हवेची चौकट तीन सेंटिमीटर बाजूची काढली, तर याच प्रमाणात खोल समुद्राची चौकट जवळजवळ वीस सेंटिमीटर बाजूची होते. ज्या हवेची एवढी चर्चा चालते, तिचा साठा किती लहान आहे हे मुलांना एका नजरेत दिसतं. लहान साठ्यात थोडी भर पडली तरी ती जाणवते.

बाणही मापात काढावेत: दर दहा अब्ज टनांना एक मिलिमीटर जाडी. वनस्पती प्रकाशसंश्लेषणातून वर्षाला सुमारे 140 अब्ज टन कार्बन हवेतून ओढून घेतात, म्हणजे बाण चौदा मिलिमीटर जाड झाला. श्वसन, कुजणं आणि वणवे यांतून जवळजवळ तेवढाच कार्बन हवेत परततो. समुद्र हवेतून सुमारे 80 घेतो आणि त्याहून किंचित कमी परत देतो. आणि कोळसा, तेल, वायू, सिमेंट यांचा बाण? 2010 ते 2019 या दशकात तो वर्षाला सरासरी 9.4 अब्ज टनांचा होता, म्हणजे कागदावर जेमतेम एक मिलिमीटर. सगळ्या गोंधळाचं मूळ असलेला बाण तक्त्यावर सर्वांत बारीक दिसतो, तेव्हा चौकस मुलगा किंवा मुलगी विचारणारच, की निसर्गाच्या मानाने माणूस इतकं कमी सोडतो, तर त्याच्या नावाने ओरड कशाला?

उत्तर जाडीत नाही, परतीच्या बाणात आहे. झाडांच्या आणि समुद्राच्या बाणाला परतीचा जोडीदार आहे. जमिनीखालून निघालेल्या कोळशाच्या बाणाला मात्र माणसाच्या आयुष्यात मोजण्याजोगा जोडीदार नाही. खडकांची झीज हवेतला कार्बन ओढून घेते. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट त्यात चांगलाच तरबेज आहे. पण ते काम लाखो वर्षांच्या हिशेबाने चालतं.

गुऱ्हाळ डोळ्यांसमोर आणलं की हा फरक स्पष्ट होतो. चुलवणात उसाची चिपाडं जळतात, धूर निघतो, आणि मुलं लगेच त्याचा बाण धुराड्याला जोडतात. तो जोडायला हवा वनस्पतींच्या चौकटीला. चिपाडातला कार्बन उसाने वर्ष-दीड वर्षापूर्वीच हवेतून घेतला होता आणि पुढचा ऊस तो पुन्हा घेणार आहे. त्याच चुलवणात दगडी कोळसा टाकला, तर बाण खडकाच्या चौकटीतून निघतो. माणसाच्या उच्छ्वासाचंही चिपाडासारखंच आहे. त्यातला कार्बन अन्नातून, म्हणजे पिकांतून आलेला असतो. लोकसंख्या वाढल्याने श्वासोच्छ्वासामुळे हवा बिघडते, ही वर्गात हटकून निघणारी शंका तिथेच मिटते. त्या पिकासाठी डिझेल आणि खत किती लागलं, हा मात्र वेगळा बाण आहे.

आता जमाखर्च. जोडीने येणारे जाड बाण बाजूला ठेवून फक्त निव्वळ आकडे घ्यायचे. त्याच दशकात जमेला होते इंधन आणि सिमेंटचे 9.4, शिवाय जंगलतोड आणि जमिनीच्या वापरातल्या बदलाचे 1.6. एकूण 11 अब्ज टन. त्यातले 2.5 समुद्राने शोषले, 3.4 जमिनीवरच्या वनस्पतींनी व मातीने. उरले 5.1. तक्ता ‘संतुलित’ काढा असं सांगितलं की मुलं हे 5.1 कुठेतरी खपवतात. समुद्राचा बाण फुगवतात किंवा झाडांचा. पण ते खपवायचे नसतात. ते हवेच्या चौकटीत ‘दर वर्षी वाढ’ म्हणून लिहायचे. संतुलन हिशेबाचं हवं. साठा स्थिर असलाच पाहिजे असं नाही.

हा 5.1 खरा आहे का, हे वर्गातच तपासता येतं. हवेतलं कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दशलक्ष भागांमागे एका भागाने वाढलं, म्हणजे 2.12 अब्ज टन कार्बन वाढला. 5.1 ला 2.12 ने भागलं की 2.4 येतात. आता हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेच्या नोंदी काढायच्या. तिथे 1958 पासून हे मोजमाप चालू आहे. 2010 ची वार्षिक सरासरी सुमारे 390 होती आणि 2019 ची सुमारे 411.6. नऊ वर्षांत 21.6, म्हणजे दर वर्षी 2.4. एक आकडा जमाखर्चातून आला, दुसरा ज्वालामुखीच्या उतारावरच्या उपकरणातून, आणि दोन्ही जुळले. हवेचा साठाही असाच पडताळता येतो: 410 गुणिले 2.12 म्हणजे साधारण 870.

सगळेच आकडे मात्र इतके पक्के नाहीत. हवेतली वाढ फार अचूक मोजता येते. समुद्राच्या 2.5 मध्ये 0.6 इकडे-तिकडे होऊ शकतं आणि जमिनीच्या 3.4 मध्ये 0.9. जमिनीचा आकडा तर अनेक वर्षं वजाबाकीनेच काढला जायचा. बाकी सगळं मांडायचं आणि जे उरेल ते झाडांच्या नावे टाकायचं. अशाने हिशेब नेहमीच जुळतो, पण त्या जुळण्याने सिद्ध काहीच होत नाही. म्हणून ग्लोबल कार्बन प्रोजेक्टचे शास्त्रज्ञ आता जमिनीचा आकडा स्वतंत्र प्रारूपांतून काढतात आणि जे जुळत नाही ते ‘असंतुलन’ म्हणून वेगळं छापतात. 2014 ते 2023 या दशकासाठी ते सुमारे 0.4 अब्ज टन भरलं.

म्हणून तक्ता करणाऱ्या शिक्षकांना एवढीच विनंती: आकड्यांशेजारी कोणत्या वर्षांची सरासरी आहे ते लिहा, आणि जमाखर्चात थोडी तफावत आली तर मुलांना ती खोडायला लावू नका. खालच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट काढून ती तिथे नोंदवू द्या.