ऑनलाइन रोजगार मेळाव्यातील चॅटवरच्या मुलाखतीनंतर

• चॅटमध्ये चेहरा नसतो, आवाज नसतो. रिक्रूटरकडे उरतो तो फक्त मजकूर, आणि एकाच वेळी तो अनेकांशी बोलत असतो. त्यामुळे पाठपुराव्याच्या मेलमध्ये ओळख त्या मजकुरातूनच पटवावी लागते.

• खिडकी बंद होण्याआधी संभाषण कॉपी करावे किंवा स्क्रीनशॉट घ्यावा. काही प्लॅटफॉर्मवर चॅट नंतर दिसते, काहींवर नाही. रिक्रूटरचे पूर्ण नाव, ईमेल आणि पदाचा जॉब आयडी तेव्हाच टिपावा; ईमेल दिसत नसेल तर चॅटमध्येच विचारावा.

• मेल साधारण 24 तासांत जावा. विषयात पद, जॉब आयडी, मेळाव्याची तारीख. मजकूर चार-पाच ओळी पुरे. नमुना: ‘काल दुपारच्या चॅटमध्ये आपण एसक्यूएलच्या कामाबद्दल विचारले होते. त्या प्रकल्पाची लिंक सोबत जोडत आहे. आपल्या सूचनेनुसार संकेतस्थळावर अर्जही केला आहे.’

• नुसते ‘वेळ दिल्याबद्दल आभार’ लिहिल्यास मेल कोणाचा, हे कळत नाही.

• चॅटमधले ‘अर्ज करा’ म्हणजे निवड नव्हे. अर्ज कंपनीच्या प्रणालीत स्वतंत्रपणे भरावाच लागतो.

• उत्तर न आल्यास आठवडाभराने त्याच मेलला जोडून एकच स्मरणपत्र पाठवावे.