पुढचा शुक्रवार म्हणजे नेमका कोणता?

"आज रात्री नाही जमणार. पुढच्या शुक्रवारी रात्री नऊला बोलू. लिंक लवकरच पाठवते." वडिलांच्या पंच्याहत्तरीचा बेत ठरवायचाय, म्हणून न्यू जर्सीतल्या बहिणीने पुण्यातल्या भावंडांना असा निरोप पाठवला, असं समजू. तिच्याकडे मंगळवार, २७ ऑक्टोबर २०२६, रात्रीचे आठ वाजलेत. पुण्यात तेव्हा बुधवार उजाडतोय, पहाटेचे साडेपाच. सहाला उठून फोन पाहणाऱ्या भावासाठी "आज रात्री" म्हणजे बुधवारची रात्र. बहिणीने रद्द केलाय तो मंगळवारचा कॉल.

शुक्रवारचा घोळ याहून मोठा. एक भाऊ ३० ऑक्टोबर धरतो, कारण पुढे येणारा शुक्रवार तोच. दुसऱ्याच्या लेखी तो "हा" शुक्रवार, आणि पुढचा म्हणजे ६ नोव्हेंबर. दोघांचंही बरोबर आहे, म्हणूनच कुणी उलट विचारत नाही. त्यात नऊ कुठले, पुण्यातले की तिकडचे, तेही निरोपात नाही. शिवाय १ नोव्हेंबरला अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात. आपली जात नाहीत. त्यामुळे पुण्यात रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा न्यू जर्सीत ३० ऑक्टोबरला सकाळचे साडेअकरा असतील, पण ६ नोव्हेंबरला साडेदहाच. आधी तारीख पक्की व्हायला हवी; तासांचा हिशेब त्यानंतरच करता येतो.

आता तोच निरोप असा लिहिता येईल: "मंगळवार, २७ ऑक्टोबरचा कॉल रद्द. आता शुक्रवार, ६ नोव्हेंबर २०२६ ला बोलू. पुण्यात रात्री ९, न्यू जर्सीत त्याच दिवशी सकाळी १०:३०. लिंक बुधवार, ४ नोव्हेंबरला पुण्याच्या रात्री ९ पर्यंत पाठवते."

महिना अक्षरात लिहिलाय, कारण ६/११ हे अमेरिकेत वाढलेली भाची ११ जून असं वाचेल. वार आणि तारीख दोन्ही दिलेत, तेही मुद्दाम. नुसत्या तारखेत ६ चे ७ झाले तर चूक कुणालाच दिसत नाही. "शुक्रवार, ७ नोव्हेंबर" लिहिलं, तर कॅलेंडर उघडणारा पहिलाच माणूस विचारेल, की अगं, सात तारखेला तर शनिवार आहे.

"लवकरच"चं काय करायचं, हा मला सर्वांत अवघड प्रश्न वाटतो. बऱ्याचदा लिहिणाऱ्यालाच दिवस ठाऊक नसतो, आणि उगाच एखादी तारीख ठोकून देणं वाईटच. अशा वेळी काम कधी होईल हे न सांगता पुढची खबर कधी देणार ते सांगावं: "हॉलचं अजून ठरलं नाही, ठरो न ठरो, सोमवार, २ नोव्हेंबरला पुण्याच्या रात्री ९ पर्यंत कळवते." वाट पाहणाऱ्याला निदान कुठवर थांबायचं ते कळतं.

दुसऱ्याचा निरोप पुढे पाठवताना मात्र "पुढचा शुक्रवार" खोडून आपल्या मनाने तारीख घालू नये. "३० ऑक्टोबर की ६ नोव्हेंबर?" एवढं विचारून घ्यावं, आणि उत्तर आल्यावरच निरोप पुढे धाडावा.