फोटोतला पुसट आकडा

परीक्षेच्या आदल्या रात्री शिकवणीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असले फोटो येतातच. वहीचं पान तिरकं, कडेला अंगठा, मध्ये ट्यूबलाइटचा चमकारा आणि त्याखाली तीन समीकरणं. सोबत एकच ओळ: ‘याला एकच उत्तर येतं का?’ असाच एक फोटो समोर आहे असं समजू. त्यातलं एवढं वाचता येतं:

x + y + z = 6
x + 2y + 3z = 14
x + 4y + ?z = 36

प्रश्नचिन्हाच्या जागी शाई फिसकटली आहे. तिथे 9 असेल, 7 असेल, कदाचित 1 सुद्धा. घाईत लिहिलेले हे तिन्ही आकडे फोटोत एकमेकांसारखेच दिसतात.

‘उत्तर काय?’ आणि ‘एकच उत्तर आहे का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्यासाठी समीकरणं सोडवावी लागत नाहीत. x, y, z यांचे सहगुणक तीन ओळींत, तीन स्तंभांत मांडायचे आणि त्या चौकटीचा निश्चयक काढायचा. तो शून्य नसेल तर उकल आहे आणि ती एकमेव आहे. निश्चयकात ‘बरोबर’च्या चिन्हाच्या उजवीकडचं काहीच येत नाही. म्हणून फोटोची उजवी कड कापली गेली आणि 6, 14, 36 दिसलेच नाहीत, तरी या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा देता येतं. डावीकडचा एक आकडा गेला तर मात्र पंचाईत.

मांडणी करताना एक पथ्य पाळावं लागतं. प्रत्येक ओळीत x, y, z त्याच क्रमाने हवेत. जे अक्षर त्या ओळीत नाही त्याच्या जागी 0 लिहायचा आणि नुसत्या x चा सहगुणक 1 धरायचा. फोटोवरून उतरवताना सर्वात जास्त चुका इथे होतात, त्यानंतर नंबर लागतो हरवलेल्या वजाच्या चिन्हाचा.

आता पुसट आकड्याला k म्हणू. चौकट अशी होते:

1  1  1
1  2  3
1  4  k

दहावीत दोन चलांसाठी शिकलेली तिरक्या गुणाकारांची वजाबाकी इथे तीनदा करायची. पहिल्या ओळीतला एकेक आकडा घ्यायचा, त्याची ओळ आणि स्तंभ झाकायचे आणि उरलेल्या चार आकड्यांचा छोटा निश्चयक काढायचा. मधल्या आकड्याला वजा चिन्ह लागतं.

D = 1(2k − 12) − 1(k − 3) + 1(4 − 2) = k − 7

फोटोचा सगळा निकाल k − 7 या एवढ्याशा राशीत आला. तिथे 9 असेल तर निश्चयक 2, आणि 1 असेल तर −6. दोन्ही वेळा उत्तर एकमेव आहे, फक्त ते वेगवेगळं आहे. शून्य येतो तो 7 असेल तरच. म्हणजे शाईखालचा आकडा नेमका कोणता हे कळायची गरज नाही. तो 7 नाही एवढी खात्री झाली तरी ‘एकच उत्तर आहे’ असं सांगता येतं.

निश्चयकावर असा आंधळा विश्वास का ठेवायचा, असं वाटत असेल तर समीकरणं हातानेच सोडवून पाहा. दुसऱ्या समीकरणातून पहिलं वजा केलं की y = 8 − 2z मिळतं, आणि ते पहिल्यात घातलं की x = z − 2. ही दोन्ही तिसऱ्यात घालून आवरल्यावर उरतं:

(k − 7)z = 6

डावीकडे तोच निश्चयक, z चा सहगुणक होऊन बसलेला. k = 9 असेल तर z = 3, मग x = 1 आणि y = 2. k = 1 असेल तर z = −1, x = −3, y = 10. दोन्ही उत्तरं मूळ समीकरणांत घालून तपासता येतील. पण k = 7 असेल तर ओळ होते 0 × z = 6, आणि असा z कुठेच नाही. त्यातही उजवीकडे 36 ऐवजी 30 असते तर ओळ झाली असती 0 × z = 0. मग z कोणताही घ्या, त्याच्या जोडीला x आणि y मिळतातच, म्हणजे अनंत उकली. शून्य निश्चयक एवढंच सांगतो की ‘एकमेव उकल नाही’. मुळीच नाही की अनंत आहेत, हे ठरवायला उजवी बाजू लागते.

याचं चित्रही काढता येतं. तीन चलांतलं प्रत्येक समीकरण म्हणजे अवकाशातलं एक सपाट प्रतल. दोन भिंती आणि जमीन जशी खोलीच्या एका कोपऱ्यात भेटतात, तशी तीन प्रतलं सहसा एका बिंदूत भेटतात. k = 7 असताना पहिली दोन प्रतलं ज्या रेषेत छेदतात, त्या रेषेला तिसरं प्रतल समांतर होतं. उजवीकडे 36 असेल तर ते त्या रेषेपासून दूर राहतं, 30 असेल तर ती अख्खी रेषाच त्यात येते.

हे प्रकरण क्रेमरच्या नावाने शिकवलं जातं. जिनिव्हाच्या गॅब्रिएल क्रेमरने १७५० साली वक्ररेषांवरच्या ग्रंथात हा नियम दिला, जरी निश्चयकाची कल्पना जपानमध्ये सेकी आणि युरोपात लायब्निझ यांच्याकडे सतराव्या शतकातच दिसते. त्या नियमात D च्या एकेका स्तंभाच्या जागी उजवीकडचे आकडे घालून आणखी तीन निश्चयक काढतात. त्यावरून पाठ केलेलं एक वाक्य विद्यार्थ्यांच्या वह्यांत सापडतं: चारही निश्चयक शून्य आले की उकली अनंत. तीन चलांत हे खरं नाही. x + y + z = 1, x + y + z = 2 आणि x + y + z = 3 घ्या. चारही निश्चयक शून्य येतात, कारण प्रत्येकात निदान दोन स्तंभ सारखेच आहेत. पण एकच बेरीज एकाच वेळी 1, 2 आणि 3 कशी होणार? ही तीन समांतर प्रतलं आहेत, एकमेकांना कधीच न भेटणारी. चारही शून्य दिसले की सूत्र बाजूला ठेवून वरच्यासारखं चल घालवत जाणं हाच भरवशाचा रस्ता.

वहीतल्या गणितात k हा 7 असतो किंवा नसतो. सहगुणक मोजमापातून आले की तेवढ्यावर भागत नाही. आपल्याच उदाहरणात k = 7.1 ठेवा: निश्चयक 0.1, उत्तर एकमेव, आणि z = 60. मोजण्यात जरासा फरक पडून k = 6.9 झाला तर z = −60. उत्तर दोन्हीकडे एकमेवच आहे, पण त्यावर विसंबून काही बांधायला जाऊ नये. निश्चयकाचा आकार बघून हा धोका ओळखू म्हणावं, तर तेही जमत नाही. तिन्ही समीकरणं दहाने गुणली की उत्तर तेच राहतं आणि 0.1 चा निश्चयक 100 होतो. त्यापेक्षा शंका असलेला आकडा जरा हलवून पुन्हा सोडवावं आणि उत्तर किती सरकतं ते पाहावं.