मिटलेल्या डोळ्यांवर उतारा

लग्नातल्या ग्रुप फोटोत एकाचे डोळे मिटलेले असले, की दुसऱ्या फोटोतला त्याचा चेहरा कापून पहिल्यात बसवता येतो. जोड ओळखू येणार की नाही, हे बरेचसे फोटो निवडतानाच ठरते आणि त्या निवडीसाठी फाइलमधली एक्झिफ माहिती कामी येते. फोनवर ती फोटोच्या तपशिलात दिसते. संगणकावर एक्झिफटूल या मोफत प्रोग्रॅमने सगळे फोटो एकाखाली एक मांडता येतात:

```
exiftool -T -FileName -DateTimeOriginal -Model -FocalLengthIn35mmFormat -ISO *.jpg
```

समजा, एकाच फोनवर संध्याकाळी तीन फोटो काढले. पहिला ५:४२:१० चा, दुसरा ५:४२:१३ चा, दोन्ही २६ मिमीचे. तिसरा ५:५८ चा, १३ मिमीचा. म्हणजे फोनची अल्ट्रावाइड लेन्स वापरलेली. पहिल्यात काकांचे डोळे मिटले आहेत आणि त्यांचे सर्वांत छान हसू नेमके तिसऱ्यात आहे. तरीही चेहरा दुसऱ्यातूनच घ्यावा.

१३ मिमीचा फोटो त्याच जागेवरून काढला असेल, तर चेहरा निम्म्या आकाराचा येतो. तो दुप्पट मोठा केला की इतरांपेक्षा धूसर दिसतो. छायाचित्रकार पुढे सरकला असेल तर अडचण वेगळी. जवळून नाक मोठे आणि कान मागे गेल्यासारखे दिसतात, कडेचे चेहरे तर ताणले जातात. यांपैकी काय घडले हे एक्झिफवरून बहुधा कळत नाही, कारण विषयापासूनचे अंतर अनेक फोन नोंदवतच नाहीत. त्यात सोळा मिनिटांचा फरक. मावळतीला तेवढ्यात उजेडाचा रंग बदलतो, आणि कदाचित काकांच्या गालावरची सावलीही.

आयएसओचा आकडाही पाहावा. १०० च्या फोटोत १६०० चा चेहरा बसवला, तर त्याच्यापुरतेच दाणे उठून दिसतात. व्हाइट बॅलन्सची नोंद मात्र फसवी असते. दोन्हीकडे ‘ऑटो’ असले तरी कॅमेऱ्याने प्रत्येक वेळी रंग वेगळा ठरवलेला असू शकतो. तो डोळ्यांनीच ताडावा.

फोटो दोन कॅमेऱ्यांतले असतील तर वेळ जशीच्या तशी खरी धरू नये. कॅमेऱ्याचे घड्याळ बऱ्याचदा हाताने लावलेले असते. अंतरपाट दूर होतानाचा क्षण दोन्हींत सापडला, तर त्या दोन वेळांतला फरक हीच घड्याळांची चूक. ती वजा करून मगच तुलना करावी. वेळ वाचायची ती `DateTimeOriginal` मधली. `ModifyDate` संपादनानंतर बदलू शकते.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेल्या प्रतीत ही माहिती सहसा उरत नाही आणि चित्रही आकुंचित झालेले असते. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवली, तर दोन्ही शाबूत मिळतात.