चार अवस्था पुरतात, पण तीन का पुरत नाहीत?

एखादे काम चार अवस्थांच्या यंत्रात होते हे पटवायचे असेल, तर ते यंत्र काढून दाखवले की झाले. तीन अवस्थांत ते कधीच जमणार नाही, हे मात्र कसे दाखवायचे? तीन अवस्थांचे प्रत्येक यंत्र तपासायचे म्हटले, तरी अवस्था थोड्या वाढताच ही मोजणी हाताबाहेर जाते.

इथली यंत्रे म्हणजे ऑटोमॅटन. ते शब्द एकेक अक्षर करून वाचते, प्रत्येक अक्षरागणिक अवस्था बदलते आणि शेवटी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणते. मायकेल रॅबिन आणि डेना स्कॉट यांनी १९५९ मध्ये त्याचा नॉनडिटरमिनिस्टिक प्रकार मांडला. त्यात एकाच अक्षरावर अनेक वाटा फुटू शकतात आणि त्यांतली एक जरी ‘हो’पर्यंत पोहोचली, तरी शब्द स्वीकारला जातो.

एक उदाहरण घेऊ. ० आणि १ या अक्षरांच्या शब्दांपैकी, शेवटून तिसरे अक्षर १ असलेलेच स्वीकारायचे आहेत. नॉनडिटरमिनिस्टिक यंत्र पहिल्या अवस्थेत रेंगाळते, एखाद्या १ वर ‘हाच शेवटून तिसरा’ असा अंदाज बांधून पुढे सरकते आणि आणखी दोन अक्षरे मोजते. एकूण अवस्था चार. अंदाज न बांधणाऱ्या यंत्राला शेवटची तीन अक्षरे लक्षात ठेवावी लागतात, म्हणून त्याला आठ लागतात. ‘आठ’ सिद्ध करण्याची नेहमीची रीत इथे लावली तर ती अंदाज बांधणाऱ्या यंत्रालाही आठ मागेल, आणि ते तर चारांत चालते. नवशिके हमखास इथेच अडखळतात.

फूलिंग सेटची रीत वेगळी आहे. स्वीकारले जाणारे काही शब्द घ्यायचे आणि प्रत्येकाचे डोके आणि शेपूट असे दोन तुकडे करायचे. आपल्या उदाहरणात शब्द एकच, १००. तो चार ठिकाणी कापू: रिकामे डोके आणि १००, १ आणि ००, १० आणि ०, १०० आणि रिकामे शेपूट. आता कोणत्याही दोन जोड्यांची शेपटे अदलाबदल करा. दोन नवे शब्द मिळतात. त्यांतल्या एकात लहान डोक्याला लहान शेपूट जोडले जाते, शब्द तीन अक्षरांहून आखूड होतो आणि तो नाकारलाच पाहिजे.

एवढ्यावर सिद्धता उभी राहते. प्रत्येक शब्दासाठी यंत्राकडे ‘हो’पर्यंत नेणारी एक तरी वाट असते. डोके वाचून झाल्यावर त्या वाटेवर यंत्र कोणत्या अवस्थेत आहे, ते टिपून ठेवा. दोन जोड्यांसाठी ही अवस्था एकच निघाली, तर पहिल्या डोक्यानंतर दुसरे शेपूट वाचूनही यंत्र ‘हो’ म्हणेल, आणि उलटही. म्हणजे अदलाबदलीचे दोन्ही शब्द स्वीकारले जातील. पण त्यांतला एक तर नाकारायचा होता. म्हणून चार जोड्यांना चार वेगळ्या अवस्था हव्यातच. यंत्र कोणी, कसे रचले याचा प्रश्नच येत नाही.

वॉटर्लू विद्यापीठाचे जेफ्री शॅलिट आणि इयन ग्लेस्टर यांच्या १९९६ च्या छोट्या लेखामुळे ही रीत बरीच परिचित झाली. बिर्जे यांनी १९९२ मध्येच ती वापरली होती. तिच्या कडक रूपात अदलाबदलीचे दोन्ही शब्द नाकारले जावे लागतात. आपली यादी त्यात बसत नाही, कारण १ आणि १०० जोडून होणारा ११०० स्वीकारलाच जातो. दोहोंपैकी एक नाकारला गेला तरी पुरे, हे सैल रूपच इथे उपयोगी पडते.

रीत अपुरी कुठे पडते, ते अधिक रंजक आहे. वीस अक्षरांची लिपी घ्या आणि दोन वेगवेगळ्या अक्षरांचे शब्द तेवढे स्वीकारा. मधोमध कापलेल्या दोन जोड्यांत अदलाबदलीने नकार हवा, तर एकीचे पहिले अक्षर दुसरीच्या दुसऱ्या अक्षरासारखेच हवे. पहिले अक्षर समान असलेल्या दोन जोड्या चालत नाहीत, दुसरे समान असलेल्याही नाहीत. त्यामुळे एका जोडीचा मेळ फार तर दोघींशी बसतो आणि यादी तीनवर थांबते. रिकाम्या डोक्याची एक आणि रिकाम्या शेपटाची एक धरून एकूण पाच.

खरी गरज मात्र आठ अवस्थांची आहे. पहिले अक्षर वाचल्यावर यंत्र ज्या मधल्या अवस्थांत असू शकते, त्यांचा प्रत्येक अक्षराला एक संच मिळतो. एका अक्षराचा संच दुसऱ्याच्या संचात सामावला, तर त्या दोन भिन्न अक्षरांचा शब्द स्वीकारताना दुसऱ्या अक्षराची जोडही स्वीकारावी लागते. म्हणून एकमेकांत न सामावणारे वीस संच हवेत, आणि १९२८ च्या स्पर्नरच्या प्रमेयानुसार त्यासाठी किमान सहा अवस्था लागतात. सहातून तीन निवडण्याचे प्रकार नेमके वीस, त्यामुळे सहा पुरतातही. सुरुवातीची एक आणि शेवटची एक धरून आठ. लिपी दहा लाख अक्षरांची केली, तर हा आकडा २५ वर जातो. फूलिंग सेट तेव्हाही पाचच्या पुढे सरकत नाही.