कारखाना तोच, यंत्रे तीच, किंमत वेगळी

ताळेबंदात यंत्रासमोर जो आकडा लिहिलेला असतो, ती त्या यंत्राची बाजारातली किंमत नसते. यंत्र किती रुपयांना घेतले, ते किती वर्षे चालेल आणि त्यातली किती वर्षे सरली, यावरून तो आकडा निघतो. 200 लाख रुपयांचे यंत्र 10 वर्षे टिकेल असे धरले, तर दरवर्षी 20 लाखांचा घसारा पडतो आणि चार वर्षांनी पुस्तकात 120 लाख उरतात. ते आज विकायला काढले तर काय येईल, हा प्रश्न या हिशेबात विचारलाच जात नाही. यंत्र विकायचेच नाही, पुढची सहा वर्षे त्यावर माल निघणार आहे आणि त्या मालाच्या पैशातून हे 120 लाख वसूल होणार आहेत, असे मानून तो हिशेब केलेला असतो.

व्यवसाय नजीकच्या काळात चालू राहणार आहे, तो गुंडाळण्याचा मालकांचा इरादा नाही आणि तशी वेळही येणार नाही, असे धरून चालणे म्हणजे गोइंग कन्सर्न हे गृहीतक. भारतातील पहिल्या लेखा मानकात, म्हणजे एएस 1 मध्ये, ज्या तीन मूलभूत गृहीतकांचा उल्लेख आहे त्यांतले हे एक आहे. ते पाळले असेल तर तसे वेगळे सांगावे लागत नाही. सोडले असेल, तर मात्र ते उघड करावेच लागते. घसारा अनेक वर्षांवर पसरणे, आगाऊ भरलेला विमा मालमत्ता म्हणून दाखवणे, कर्जाचे या वर्षी फेडायचे आणि नंतर फेडायचे असे दोन भाग करणे, या रोजच्या पद्धती याच एका पायावर उभ्या आहेत. तो पाय निघाला की त्या सगळ्या एकदम निरर्थक होतात.

हे आकड्यांत पाहण्यासाठी एमआयडीसीतला एक काल्पनिक कारखाना घेऊ. तो एका मोठ्या वाहन कंपनीसाठी पत्र्याचे सुटे भाग बनवतो. त्याच्या ताळेबंदात भाडेपट्ट्याचा भूखंड आणि शेड 80 लाख, यंत्रे 120 लाख, डाय 30 लाख, कच्चा, अर्धवट आणि तयार माल मिळून 60 लाख, ग्राहकांकडून येणी 70 लाख, आगाऊ भरलेला विमा 5 लाख आणि बँकेतली शिल्लक 5 लाख आहे. एकूण मालमत्ता 370 लाख होते. दुसऱ्या बाजूला बँकेचे कर्ज 150 लाख आणि पुरवठादारांची देणी 90 लाख आहेत. म्हणजे कागदावर मालकांचे 130 लाख शिल्लक दिसतात. आता वाहन कंपनीने ऑर्डर बंद केली आणि मालकांनी कारखाना बंद करायचे ठरवले असे समजू.

सर्वांत आधी डाय कोसळतात. डाय म्हणजे एका ठरावीक आकाराचा भाग दाबून काढण्यासाठी बनवलेला पोलादी साचा. त्या ग्राहकाचा तो भाग बनत होता तोवर 30 लाखांच्या डायमधून रोज कमाई होत होती. तो भाग दुसरे कोणी वापरत नाही, त्यामुळे डायला गिऱ्हाईक म्हणजे फक्त भंगारवाला. पोलादाच्या वजनाचे 4 लाख येतात. डाय झिजलेला नाही की मोडलेला नाही, पण ज्या कामासाठी तो होता ते काम संपले.

यंत्रांचे नुकसान इतके पूर्ण नसते, कारण प्रेस दुसऱ्या कारखान्यातही चालतो. तरी तो पायात बसवलेला असतो. तो उखडायचा, क्रेनने उचलायचा, ट्रकवर चढवायचा, नव्या जागी बसवून पुन्हा जुळवायचा, हा सगळा खर्च विकत घेणारा किमतीतून वजा करतो. शिवाय विकणाऱ्याला घाई आहे हे त्याला ठाऊक असते. सहा महिने थांबता आले तर चांगले गिऱ्हाईक मिळेल, पण तोवर जागेचे शुल्क, पहारेकऱ्यांचा पगार आणि कर्जावरचे व्याज चालूच राहते. म्हणूनच मूल्यनिर्धारक सावकाश केलेल्या विक्रीची आणि घाईच्या विक्रीची किंमत वेगवेगळी धरतात. या कारखान्यात 120 लाखांच्या यंत्रांचे हातात 50 लाख येतात.

मालाची गत त्याच्या टप्प्यावर अवलंबून असते. पत्र्याच्या गुंडाळ्या दुसऱ्या कोणालाही लागतात, त्यामुळे 20 लाखांच्या कच्च्या मालाचे 14 लाख येतात. तयार मालाचे, ग्राहकाला सुट्या भागांची गरज राहिली असल्याने, 15 लाखांपैकी 9 लाख मिळतात. सर्वांत वाईट अवस्था अर्धवट मालाची. त्यात पत्र्याच्या किमतीवर मजुरी आणि वीज चढवून 25 लाख दाखवलेले असतात, पण अर्धा वाकवलेला पत्रा ना पत्रा म्हणून जातो ना सुटा भाग म्हणून. त्याचे 5 लाख येतात. चालू कारखान्यात मात्र हाच अर्धवट माल आठवड्याभरात नफ्यासकट विकला गेला असता.

येण्यांना हात लावायचे कारण नाही, ग्राहक तर भक्कम आहे, असे वाटू शकते. प्रत्यक्षात ग्राहक उद्याच्या मालासाठी आजचे बिल चुकवत असतो. उद्याचा माल येणार नाही म्हटल्यावर नाकारलेल्या मालाच्या, उशिराच्या, कमी वजनाच्या जुन्या तक्रारी वर येतात आणि डेबिट नोटा निघू लागतात. 70 लाखांतले 48 लाख हाती लागतात. विम्याच्या 5 लाखांपैकी एखादा लाख परत मिळतो.

सगळेच घसरते असे मात्र नाही. भूखंड 80 लाखांना लिहिलेला होता, कारण तो कित्येक वर्षांपूर्वी घेतला होता. आज त्या वसाहतीत जागेला मागणी आहे, आणि एमआयडीसीचे हस्तांतर शुल्क वजा जाऊनही 95 लाख मिळतात. बंद होताना मालमत्ता नेहमी कमी किमतीला जाते, ही समजूत म्हणून अपुरी आहे. बंद होताना प्रश्न बदलतो, एवढे खरे. ‘या वस्तूतून पुढे काय मिळेल’ याऐवजी ‘ही वस्तू आज सोडून द्यायची तर खर्च जाऊन हातात काय येईल’, असे विचारले जाते. जुन्या जमिनीच्या बाबतीत या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोठे येऊ शकते.

बँकेतली शिल्लक धरून बेरीज 231 लाख होते. पुस्तकातल्या 370 लाखांपेक्षा 139 लाखांनी कमी. पण खरा धक्का देण्यांच्या बाजूला असतो, आणि ती बाजू अनेकांच्या नजरेतून सुटते. कारखाना चालू असताना नसलेली देणी बंद होताना जन्माला येतात. 40 कामगार, सरासरी 12 वर्षांची नोकरी आणि 15 दिवसांचा पगार 7,300 रुपये धरला, तर दर वर्षाच्या नोकरीमागे 15 दिवस या हिशेबाने भरपाईच सुमारे 35 लाख होते. काल संध्याकाळपर्यंत हे 35 लाख कोणत्याही पुस्तकात नव्हते, आणि ते योग्यच होते. मूल्यनिर्धारण, पहारा आणि बंद करण्याचे इतर खर्च 6 लाख धरले, तर देणी 240 वरून 281 लाखांवर जातात. ज्या कर्जाचे हप्ते आणखी पाच वर्षे चालायचे होते, तेही आता लगेच देय ठरते. मालकांच्या 130 लाखांच्या जागी 50 लाखांची तूट उभी राहते.

याचे मोठे, सर्वांना माहीत असलेले उदाहरण किंगफिशर एअरलाइन्सचे आहे. कर्जासाठी बँकांकडे जे तारण ठेवले गेले त्यात कंपनीचा ब्रँडही होता, आणि भरभराटीच्या काळात त्याचे मूल्य 4,000 कोटी रुपयांहून अधिक ठरवले गेले होते. ऑक्टोबर 2012 मध्ये विमाने थांबली. एप्रिल 2016 मध्ये बँकांनी हे ब्रँड आणि ट्रेडमार्क 366.70 कोटींच्या राखीव किमतीला लिलावात काढले, तेव्हा एकही बोली आली नाही. मुंबईतल्या किंगफिशर हाऊसची राखीव किंमत सुरुवातीला 150 कोटी होती. ती इमारत अनेक फसलेल्या लिलावांनंतर 2021 मध्ये सुमारे 52 कोटींना गेली. इमारतीला निदान भिंती आणि जमीन होती. ब्रँडची किंमत मात्र विमाने उडतात, प्रवासी तिकिटे काढतात, यातूनच येत होती, आणि उड्डाणे बंद पडल्यावर तिला आधारच उरला नाही.

मग हिशेबाची पद्धत नेमकी कधी बदलायची? इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. कंपनी अडचणीत आली की लगेच भंगाराच्या किमती लिहायच्या नसतात. ताळेबंदाच्या तारखेपासून किमान 12 महिने व्यवसाय चालेल का, याचा अंदाज व्यवस्थापनाने घ्यायचा असतो आणि लेखापरीक्षकाने एसए 570 या मानकानुसार तो तपासायचा असतो. नक्त मूल्य उणे होणे, कर्जाचे हप्ते थकणे, पुरवठादारांनी उधारी बंद करून रोख मागणे, एकमेव मोठा ग्राहक किंवा परवाना जाणे, ही त्याची लक्षणे. शंका गंभीर असली, पण वाचण्याचा खरा मार्ग शिल्लक असला, तर आकडे जुन्याच पद्धतीने राहतात. फक्त ही अनिश्चितता टिपांमध्ये स्पष्ट सांगावी लागते आणि लेखापरीक्षकाच्या अहवालात तिच्यासाठी स्वतंत्र परिच्छेद येतो. बंद करण्याचा निर्णय झाला असेल, किंवा बंद करण्यावाचून खराखुरा पर्याय उरला नसेल, तेव्हाच पाया बदलतो. हा निर्णय 31 मार्चनंतर पण हिशेबांना मंजुरी मिळण्याआधी झाला, तरी 31 मार्चचेच हिशेब नव्या पायावर करावे लागतात.

लेखापरीक्षकाची अडचणही समजून घेण्यासारखी आहे. त्याने शंका लिहिली की बँक हात आखडते, पुरवठादार रोख मागतात, आणि जी कंपनी कदाचित तगली असती ती त्या अहवालानेच लवकर पडते, अशी भीती व्यवस्थापन घालते. ही भीती खोटी नसते. तरीही गप्प राहणे हा मार्ग नाही, कारण मधल्या काळात त्या कंपनीला नवी उधारी देणारा छोटा पुरवठादार त्याच ताळेबंदावर विसंबून असतो.

चालू आणि बंद या दोन किमतींमधली दरी कायद्यानेही ओळखली आहे. 2016 च्या दिवाळखोरी संहितेनुसार कंपनीचा ताबा घेणाऱ्या व्यावसायिकाने ती चालू ठेवण्याचा प्रयत्न करायचा असतो, आणि नोंदणीकृत मूल्यनिर्धारकांकडून वाजवी मूल्य आणि अवसायन मूल्य असे दोन वेगळे आकडे घ्यायचे असतात. अवसायनापर्यंत गोष्ट गेली, तरी कंपनी तुकड्यांत न विकता चालत्या स्थितीत विकण्याची मुभाही काही काळ होती. आलेल्या पैशातून आधी प्रक्रियेचा खर्च जातो, मग मागील 24 महिन्यांची कामगारांची देणी आणि तारण असलेले धनको बरोबरीने येतात, त्यानंतर इतर देणी. समभागधारक सर्वांत शेवटी असतात. म्हणून शेअर घेणाऱ्याने किंवा कोणाला उधारीवर माल देणाऱ्याने वार्षिक अहवालात नफ्याचा आकडा पाहण्याआधी लेखापरीक्षकाच्या अहवालातला गोइंग कन्सर्नविषयीचा परिच्छेद शोधून वाचावा.