पाण्याच्या लेनमधला बँड

पीसीआर हा शब्द कोविडने घराघरात नेला. त्यात होतं ते असं : नमुन्यात जो डीएनए शोधायचा, त्याचा एक लहानसा तुकडा यंत्रात पुन्हापुन्हा दुप्पट केला जातो. एकाचे दोन, दोनाचे चार, असं तीस वेळा झालं की कागदावरच्या हिशेबाने एका तुकड्याचे १०७ कोटी होतात. मग ते जेलमध्ये भरतात, वीज सोडतात आणि प्रकाशाखाली पाहतात. तुकडा असेल तर त्याच्या लांबीनुसार ठरलेल्या जागी एक उजळ पट्टी दिसते. तिला बँड म्हणतात.

प्रत्येक वेळी नमुन्यांसोबत एक जादा नळी लावतात. तिच्यात रसायनं सगळी तीच, फक्त नमुन्याच्या जागी शुद्ध पाणी. हा निगेटिव्ह कंट्रोल. बाकीच्या नळ्यांत काय निघेल ते ठाऊक नसतं. या नळीतून काहीच निघता कामा नये, हे मात्र आधीपासून पक्कं असतं. म्हणून तिच्यात बँड आला, तर शेजारच्या एकाही बँडवर विश्वास ठेवता येत नाही.

पुढची गोष्ट रचलेली आहे. तिच्यातली विद्यार्थिनी आणि तिच्या मॅडम म्हणजे कोणी ठरावीक व्यक्ती नव्हेत. पण प्रयोगशाळेत वावरलेल्या कोणालाही ती ओळखीची वाटेल.

ती पुण्यात पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला. विषय बेडकांच्या कातडीवर वाढणाऱ्या कायट्रिड बुरशीचा. १९९९ मध्ये शास्त्रीय नाव मिळालेल्या या बुरशीने ऑस्ट्रेलियात आणि मध्य अमेरिकेत बेडकांच्या कित्येक जाती संपवल्या. पश्चिम घाटातही ती सापडल्याचे शोधनिबंध आहेत, पण इथे ती बेडकावर असली तरी बहुधा फार थोडी असते. म्हणून ही मुलगी पावसाळ्यात सड्यांवर आणि ओढ्यांकाठी हिंडून बेडूक अलगद धरायची, त्याच्या पोटावरून, मांड्यांवरून आणि बोटांमधल्या पडद्यांवरून कापसाचा स्वॅब फिरवायची आणि त्याला सोडून द्यायची. असे ३९ स्वॅब झाले. त्यांतले ७ पॉझिटिव्ह. एका परिषदेला गोषवारा पाठवूनही झाला होता.

बुरशी इतकी थोडी असते म्हणून तिची पद्धत दुहेरी होती. पहिल्या फेरीत एक मोठा तुकडा वाढवायचा, मग ती नळी उघडून त्यातलं थेंबभर दुसऱ्या नळीत घालायचं आणि त्या तुकड्याच्या आतला, सुमारे ३०० अक्षरांचा भाग पुन्हा वाढवायचा. अशाने एरवी निसटणारी बुरशीही पकडता येते. धोकाही इथेच आहे, कारण मधल्या टप्प्यावर वाढवलेल्या डीएनएची नळी टेबलावर उघडावी लागते.

मंगळवारी संध्याकाळी तिने जेल पाहिलं. पाण्याच्या तीन लेन होत्या. पहिलं पाणी स्वॅबमधून डीएनए काढतानाच सोबत चालवलेलं, दुसरं पहिल्या फेरीत घातलेलं, तिसरं थेट दुसऱ्या फेरीतलं. तिन्ही लेनमध्ये फिकट बँड होता. प्रायमर एकमेकांना चिकटले की खाली, शंभराच्याही आत एक धूसर डाग दिसतो. तो असेल असं तिला आधी वाटलं. पण हे बँड बरोबर ३०० वर होते, पॉझिटिव्ह कंट्रोलच्या रेषेत.

तिने लगेच तेच नमुने पुन्हा लावले. रात्री उशिरा जेल आलं, या वेळी पाण्याची एकच लेन आणि ती स्वच्छ. आता मंगळवारचं जेल वहीत ‘फसलं’ म्हणून नोंदवायचं आणि हे नवं पुढे न्यायचं, हा रस्ता मोकळा होता. तो खोटेपणाचा आहे असं त्या क्षणी वाटतसुद्धा नाही, म्हणून तो जास्त धोक्याचा. ती त्या रस्त्याने गेली नाही. तिने ज्या जेलांवर ते ७ पॉझिटिव्ह उभे होते त्यांचे जुने फोटो उघडले. अहवालात लावलेल्या फोटोंत पाण्याची लेन काळी होती. मूळ फाइल उघडून तिने उजेड वाढवत नेला. तीनपैकी एका जेलमध्ये, पाण्याच्या लेनमध्ये, ३०० च्या जागी एक अगदी पुसट रेघ वर आली.

मंगळवारचा बँड एका दिवसाची फसगत ठरू शकला असता. या रेघेने पाठवलेला गोषवारा अडचणीत आणला.

सकाळी ती मॅडमच्या दारात उभी राहिली तेव्हा तिच्याकडे दोन जेलांचे मूळ फोटो, वही आणि एक कागद होता. कागदावर तीन गोष्टी : पाण्यात बँड पहिल्यांदा कधी दिसतो, शेवटचा निखालस स्वच्छ कंट्रोल कोणत्या तारखेचा आणि त्या दोहोंमध्ये कुठली बाटली कधी उघडली.

“मॅडम, पाण्यात बँड येतोय. मंगळवारच्या तिन्ही पाण्यांत आलाय. आणि जुन्या एका जेलमध्येही आहे, गोषवाऱ्यातल्या.”

मॅडमनी फोटो बराच वेळ पाहिला. “हा उजेड तू वाढवलास?”

“हो. अहवालात लावलेल्या फोटोत दिसत नाही.”

“बरं केलंस. आणि रात्रीचं जेल स्वच्छ आलं म्हणतेस, त्यावर तुझा विश्वास आहे का?”

“माहीत नाही, मॅडम.”

“नको ठेवूस. समजा आठातली एकच नळी बिघडतेय. तू पाण्याची एक नळी लावलीस, तर आठात सात वेळा ती स्वच्छच येणार. पाण्याच्या चोवीस नळ्या लाव. मग सगळ्याच्या सगळ्या स्वच्छ येण्याची शक्यता चार टक्क्यांवर येते.”

हा हिशेब मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचा वाटतो. दूषण बऱ्याचदा सगळ्या नळ्यांत सारखं नसतं. एखाद्या बाटलीत नको असलेले तुकडे मोजकेच असतील तर काही नळ्यांच्या वाट्याला एखादा येतो, काहींच्या येत नाही. अशा वेळी एका पाण्याने दिलेली ग्वाही फार तोकडी असते. जुन्या तीन जेलांपैकी दोनांत पाणी स्वच्छ होतं, पण त्यावरून त्या जेलांमधले नमुने स्वच्छ होते असं म्हणता येत नव्हतं.

मॅडम रागावल्या नाहीत, पण “काही हरकत नाही” असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी त्याच दिवशी परिषदेच्या संयोजकांना कळवलं, की आकडा तपासाखाली आहे. मग दोघी टेबलाकडे गेल्या.

तिन्ही पाण्यांतली तिसरी लेन सर्वांत बोलकी होती. ते पाणी डीएनए काढताना नव्हतं, पहिल्या फेरीतही नव्हतं. त्यातही बँड आला, म्हणजे निदान एक शिरकाव दुसऱ्या फेरीतच झाला होता. स्वॅबवर किंवा डीएनए काढण्याच्या किटवर संशय घ्यायचं तूर्त कारण नव्हतं. हाती उरली दुसऱ्या फेरीची रसायनं, पिपेट आणि टेबल.

रोज तेच रसायन, तेच टेबल, मग आत शिरलं काय? वाढवलेल्या डीएनएच्या एका मायक्रोलिटरमध्ये या लांबीचे सहा हजार कोटींच्या आसपास तुकडे सहज असतात. नळीचं झाकण उघडताना डोळ्यांना न दिसणारा तुषार उडतो. त्या मायक्रोलिटरचा दहा लाखावा भाग जरी कुठे पडला, तरी तिथे साठ हजार तुकडे पोचले. ते हातमोज्यावर बसतात, पिपेटच्या दांड्यात जातात आणि पुढच्या बाटलीत उतरतात. ऑटोक्लेव्ह केल्याने जंतू मरतात, पण डीएनएचे लहान तुकडे त्यातूनही उरू शकतात. टेबल आणि पिपेट पातळ केलेल्या ब्लीचने पुसल्यावरच ते खात्रीने नाहीसे होतात.

मॅडमनी सांगितल्याप्रमाणे तिने दुसऱ्या फेरीच्या पाण्याच्या २४ नळ्या जुन्या रसायनांनी लावल्या. १५ मध्ये बँड आला. मग एका वेळी एकच वस्तू बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. पाणी नवं घेतलं, बँड राहिले. एन्झाइम नवं घेतलं, बँड राहिले. प्रायमरची बाटली नवी घेतली आणि चोवीसही नळ्या स्वच्छ झाल्या. वहीत उत्तर होतं : प्रायमर पातळ केला त्या दिवशी नेहमीची पिपेट दुरुस्तीला गेली होती आणि जेल भरायची पिपेट हाताशी होती. त्यानंतर प्रत्येक वापरात त्याच टेबलावर पहिल्या फेरीच्या नळ्या उघडल्या जात होत्या, त्यामुळे भर पडतच गेली. जुन्या जेलमधली रेघ पुसट आणि मंगळवारची ठळक का, तेही यावरून उलगडलं.

पाण्यात सिग्नल आला म्हणजे प्रत्येक वेळी बाहेरचा डीएनएच शिरला असं मात्र नसतं. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेने तिथल्या सार्वजनिक प्रयोगशाळांना कोविड चाचणीचे किट पाठवले. वापराआधीच्या पडताळणीत अनेक ठिकाणी निगेटिव्ह कंट्रोलमध्येच सिग्नल आला आणि त्या प्रयोगशाळांनी तो कळवला. सीडीसीच्या नंतरच्या तपासात दोन वेगळी कारणं निघाली. एका घटकात विषाणूच्या कृत्रिम तुकड्याची भेसळ झाली होती. दुसऱ्यात प्रोब आणि प्रायमर एकमेकांनाच चिकटत होते, म्हणजे तो रचनेतला दोष होता. एका कारणावर थांबले असते तर दुसरं तसंच राहिलं असतं.

पुण्यातल्या त्या टेबलाची व्यवस्था बदलली. रसायनं आता वेगळ्या खोलीत मिसळतात, तिथली पिपेट आणि एप्रन तिथेच राहतात आणि वाढवलेल्या डीएनएची नळी त्या खोलीत कधीच येत नाही. प्रायमर लहान लहान नळ्यांत वाटून ठेवले जातात. एक नळी दोन-तीनदा वापरली की टाकून द्यायची. प्रत्येक फेरीत पाण्याची एकच नळी नसते, नमुन्यांच्या मधेमधे अनेक असतात.

सात बेडकांचं काय झालं? त्यांचे मूळ डीएनए अर्क फ्रीजरमध्ये होते आणि ते त्या टेबलावर कधी उघडले नव्हते. नव्या रसायनांनी सगळे दोनदा लावले. तीन दोन्ही वेळा पॉझिटिव्ह आले, चार एकदाही नाही. मॅडमनी तेवढ्यावर थांबू दिलं नाही. तिन्ही बँडचं आणि मंगळवारच्या पाण्यातल्या बँडचं सिक्वेन्सिंग करायला लावलं. पाण्यातला तुकडा पॉझिटिव्ह कंट्रोलशी अक्षरशः जुळला. तीन बेडकांवरचा तुकडा बुरशीचाच होता, पण कंट्रोलपेक्षा काही अक्षरांनी वेगळा. कंट्रोलमधून आला असता तर तो तसा वेगळा नसता.

सुधारलेल्या गोषवाऱ्यात ३९ पैकी ३ असा आकडा गेला, आणि आधीचा आकडा का बदलला तेही दोन ओळींत छापलं गेलं. उरलेल्या चार बेडकांवर बुरशी नव्हती असं त्यात म्हटलेलं नाही. त्या स्वॅबमध्ये ती आढळली नाही, एवढंच म्हटलं आहे, आणि हाती असलेल्या पुराव्यावर तेवढंच म्हणता येतं.